टोटल कोलेस्टेरॉल जास्त, पण एचडीएलही जास्त: धोका कसा ओळखावा?

प्रश्न: माझं टोटल कोलेस्टेरॉल २३८ आलंय, पण चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ७८ आहे. काळजी करू का?

उत्तर: २३८ मधून ७८ वजा करा. उरलेले १६० म्हणजे नॉन-एचडीएल, रक्तवाहिन्यांत साचू शकणारं कोलेस्टेरॉल. धोका यावरून जोखायचा. ते साधारण १३०च्या आत हवं, म्हणजे तुमचं थोडं वाढलेलंच आहे. चांगलं कोलेस्टेरॉल त्याची भरपाई करत नाही. औषधांनी एचडीएल वाढवूनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्यामुळे रिपोर्टमधल्या टोटल कोलेस्टेरॉल आणि एचडीएलच्या रेशोवर विसंबू नका.

मधुमेह, ब्लडप्रेशर, तंबाखू किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक असेल, तर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. नसेल, तर तूप-तळण कमी करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे हार्ट अटॅकचा धोका वाढवणारा रक्तातला कोलेस्टेरॉलचा एक कण, मात्र एकदा तपासाच; नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं.