खरेदीदाराच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क आणि आपल्या खात्यातली नोंद

प्रश्न: घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन जाहिरात देऊन विकतोय. घ्यायला आलेला माणूस मोबाइलवर ‘पेमेंट सक्सेसफुल’चा स्क्रीनशॉट दाखवतो आणि लगेच वस्तू मागतो. तो खरा आहे की बनावट, आणि मला आलेला पैसे जमा झाल्याचा मेसेज बँकेचाच आहे का, हे तिथल्या तिथे कसं ओळखायचं?

उत्तर:

स्क्रीनशॉट तपासत बसू नका, असं मी तुम्हाला अगदी मनापासून सांगेन. बनावट ओळखणं अवघड आहे हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठं कारण असं की अगदी खरा स्क्रीनशॉटसुद्धा तुमच्या खात्यात पैसे आले आहेत असं सांगत नाही. समोरच्याच्या अ‍ॅपने त्याला जे दाखवलं त्याचं ते चित्र आहे. तुमच्या बँकेचा त्या चित्राशी काही संबंध नाही. पैसे आले की नाही याची नोंद एकाच ठिकाणी होते, तुमच्या खात्याच्या व्यवहारांच्या यादीत, आणि ती यादी तुम्हाला तुमच्याच फोनवर उघडता येते.

मीसुद्धा आधी अक्षरांचा आकार, रंग, तारखेची जागा असं न्याहाळत बसायचो. त्याचा उपयोग होत नाही, कारण हल्ली कोणी चित्रात खाडाखोड करत बसत नाही. पेमेंट अ‍ॅपसारखी हुबेहूब दिसणारी बनावट अ‍ॅप्स असतात. त्यात नाव आणि रक्कम भरली की टिकमार्क येतो, आवाज येतो, खाली संदर्भ क्रमांकही छापून येतो. त्यामुळे ‘स्क्रीनशॉट नको, माझ्यासमोर पेमेंट करा’ एवढं म्हणूनही भागत नाही. तो तुमच्यासमोरच करतो, फक्त ते अ‍ॅप कोणत्याच बँकेला जोडलेलं नसतं.

इथे बरेच लोक एका गोष्टीने फसतात. तो तुमचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि त्याच्या स्क्रीनवर तुमचं नाव येतं. आपल्याला वाटतं, नाव बरोबर आलं म्हणजे बँकेने शोधून दाखवलं असणार. पण यूपीआयच्या क्यूआर कोडमध्ये साधा मजकूर असतो आणि बहुतेक वेळा नाव त्यातच लिहिलेलं असतं. त्याची मांडणी साधारण अशी:

```
upi://pay?pa=तुमचा-आयडी&pn=तुमचं-नाव
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जायचे तो पत्ता आणि `pn` म्हणजे नाव. कोड वाचू शकणारं कोणतंही अ‍ॅप, इंटरनेट बंद असतानासुद्धा, हे नाव स्क्रीनवर दाखवू शकतं. तुमचं नाव दिसलं याचा अर्थ तुमचा कोड वाचला गेला, इतकाच.

आता तुमच्या फोनवर येणाऱ्या मेसेजबद्दल. ही बाजू मला स्वतःला शिकावी लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुना कॅमेरा विकत होतो. ठरलेली रक्कम ४,५०० होती. आलेला मुलगा बोलायला नम्र होता. कॅमेरा नीट पाहिला, दोन फोटो काढले आणि माझा कोड स्कॅन केला. त्याने फोन माझ्यासमोर धरला, टिकमार्कखाली ४,५०० दिसत होते. त्याच क्षणी माझा फोन वाजला आणि वर मेसेजची पट्टी आली, खात्यात रक्कम जमा. मला ४ आणि ५ दिसले, मनाने पुढची शून्यं स्वतःच जोडली आणि मी कॅमेऱ्याची पिशवी उचलली सुद्धा. त्याला थैली बांधून द्यावी म्हणून कात्री शोधायला आत गेलो, तेव्हा मेसेज पुन्हा उघडला. तिथे ४५.०० लिहिलं होतं.

मेसेज खरा होता, बँकेकडूनच आला होता. त्याने खरोखरच पैसे पाठवले होते, फक्त शंभरावा भाग. मला दाखवलेली स्क्रीन मात्र दुसऱ्याच अ‍ॅपमधली किंवा आधी तयार करून ठेवलेली होती. बाहेर येऊन मी शांतपणे म्हणालो की पंचेचाळीसच आले आहेत. तो ‘अरे, चुकून झालं असेल, आता पाठवतो’ म्हणाला, फोनवर बोलत जिन्यापर्यंत गेला आणि परत आला नाही. त्या दिवसापासून मी फोन वाजण्याला पैसे आल्याची खूण मानत नाही.

पूर्ण बनावट मेसेजही येतात. ते बहुतेक वेळा साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असतात. आपल्याकडे बँकेचे मेसेज अशा नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी बँकेच्या नावाचं अक्षरी संक्षिप्त रूप असतं. तुमच्या बँकेचे जुने मेसेज ज्या संवादात साठलेले आहेत, त्याच संवादात नवा मेसेज आला आहे का, हे पाहणं सोपं आहे. वेगळ्याच नंबरचा नवा संवाद उघडला असेल तर तो खोटा समजा. पण याच्या उलट गृहीत धरू नका. पाठवणाऱ्याचं नाव बनावट करण्याच्या युक्त्या अनेक देशांत वापरल्या गेल्या आहेत, आणि तसं झालं तर खोटा मेसेजसुद्धा जुन्या खऱ्या मेसेजच्या रांगेत जाऊन बसतो. संशयास पुरावा मिळाला तर मेसेज खोटा ठरवता येतो. मेसेजच्या जोरावर तो खरा ठरवता येत नाही. शिवाय खरे पैसे आले तरी मेसेज उशिरा येतो किंवा येतच नाही, तेव्हा ‘मेसेज नाही’ म्हणून समोरच्याला खोटारडा म्हणण्यातही अर्थ नाही.

म्हणून मी असं करतो. खरेदीदार पैसे पाठवतो म्हणाला की आधी, त्याच्या स्क्रीनकडे न बघता, माझ्या बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघून ठेवतो. पैसे पाठवल्यावर तेच अ‍ॅप पुन्हा उघडून व्यवहारांची यादी खाली ओढून ताजी करतो. मेसेजमधल्या लिंकवरून कधीच जात नाही, अ‍ॅपच्या चिन्हावर स्वतः बोट ठेवून जातो. यादीत सगळ्यात वर जमा बाजूची नवी नोंद हवी. तिच्यातली रक्कम मी अंकन्‌अंक वाचतो, दशांश चिन्हासकट. वेळ आत्ताची आहे ना, हेही बघतो, कारण त्याच रकमेची कालची एखादी नोंद घाईत आजची वाटू शकते. नोंद उघडली की यूपीआयमध्ये बारा आकडी संदर्भ क्रमांक दिसतो. तो खरेदीदाराच्या स्क्रीनवरच्या क्रमांकाशी जुळला तर दोघं एकाच व्यवहाराबद्दल बोलतोय हे पक्कं होतं. पण क्रमांक जुळवायचा तो माझ्या नोंदीवरून. त्याच्या स्क्रीनवर क्रमांक आहे आणि माझ्या यादीत नोंदच नाही, तर त्या क्रमांकाला काही किंमत नाही.

शिल्लक बघताना ‘उपलब्ध शिल्लक’ बघा. चेक भरला की काही बँकांत एकूण शिल्लक वाढलेली दिसते, पण चेक वटेपर्यंत ते पैसे काढता येत नाहीत, आणि न वटल्यास ते वजाही होतात. कोणी बँकेत चेक भरल्याची पावती पाठवून ‘जमा केलेत, वस्तू द्या’ म्हणत असेल तर चेक वटेपर्यंत थांबायचं.

खरा स्क्रीनशॉट असूनही पैसे आलेले नसतात, हे वर म्हटलं, त्याची कारणं साधी आहेत. तो व्यवहार ‘प्रक्रियेत’ असेल आणि नंतर फसून पैसे त्याच्याच खात्यात परत जातील. त्याने पुढच्या तारखेला जाण्यासाठी लावून ठेवलेला असेल. किंवा एनईएफटीने पाठवला असेल, ज्यात पैसे एकेक करून जात नाहीत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी जातात. या सगळ्यांत माणूस प्रामाणिक असू शकतो आणि तुमचं खातं तरीही रिकामंच असतं.

आणि एक, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाका’ असं कोणी म्हणत असेल, तर ते पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. ‘चुकून जास्त गेले, वरचे परत करा’ हेही असंच. वरचे पैसे तुमच्या यादीत दिसत नसतील तर परत करायला तुमच्याकडे काहीच आलेलं नाही.

तुमच्यासारखी विक्री करणाऱ्यांना खरा त्रास होतो तो संकोचाचा. समोर माणूस उभा आहे, बरोबर त्याचा भाऊ खाली गाडी सुरू ठेवून थांबलाय, आणि आपण त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. म्हणून मी ही गोष्ट भेटण्याआधीच चॅटमध्ये लिहून टाकतो: ‘माझ्या खात्यात नोंद दिसली की वस्तू देईन, पाच-दहा मिनिटं हाताशी ठेवून या.’ हे वाचून काही जण पुन्हा उत्तरच देत नाहीत. भेटीची जागाही नेटवर्क नीट मिळेल अशी ठरवतो. खातं घरातल्या दुसऱ्या कोणाचं असेल तर विक्रीच्या वेळी त्या व्यक्तीला फोनजवळ बसायला सांगतो, कारण ‘ताईच्या खात्यात टाकलेत, विचारून घ्या’ म्हटल्यावर ताईचा फोन न लागणं ही फसवणाऱ्याला आयती मिळालेली संधी असते.

तोच कॅमेरा शेवटी एका काकांनी घेतला. त्यांचं पेमेंट ‘प्रक्रियेत’वर अडकलं. त्यांनी स्क्रीन दाखवली, मी माझी रिकामी यादी दाखवली. ते चिडले नाहीत, म्हणाले, बसतो. वीस मिनिटांनी त्यांना पैसे परत आल्याचा मेसेज आला, त्यांनी दुसऱ्या बँकेच्या खात्यातून पाठवले, आणि माझ्या यादीत ४,५००.०० ची नोंद त्यांच्या नावासह वर आली. मग मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि चार्जर आतून आणून दिला.