गोष्ट निर्णयापाशी थांबवा

गोष्ट वाचून मूल्यशिक्षणाचा पहिलाच तास घेणार असाल, तर ती पाच मिनिटांत वाचून होईल एवढीच घ्या. पस्तीस मिनिटांच्या तासात निदान वीस मिनिटं मुलांच्या बोलण्यासाठी हवीत.

गोष्ट अशी निवडा, की दोन्ही बाजूंना वजन असेल. उदाहरणार्थ, सहावीतली मीनल स्वारगेटला बसमधून उतरते. कंडक्टरने गर्दीत तिला पन्नास रुपये जास्त परत दिलेत. बस अजून उभी आहे, पण धाकटा भाऊ भुकेला आहे आणि घरी दोन दिवस पैशांची ओढाताण चाललीय. ती मूठ मिटते. इथेच वाचन थांबवा. शेवट सांगितला, की मुलं विचार सोडून तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागतात.

मग तीनच प्रश्न, याच क्रमाने:

१. मूठ मिटताना तिच्या मनात काय चाललं असेल?
२. पैसे ठेवले तर कोणाला काय भोगावं लागेल?
३. ती काय करेल, आणि का?

‘तिने पैसे परत करायला हवेत ना?’ हा प्रश्न टाळाच. त्यातला ‘ना’ उत्तर फोडतो आणि सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. हा सूर ऐकू आला, की चर्चा संपली समजा.

एखादा म्हणेल, ‘मी ठेवले असते.’ चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नका, ‘शाब्बास’ही कोणालाच नको. ‘रात्री हिशेबात पन्नास कमी पडले तर कंडक्टर काय करेल?’ एवढंच विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. नवख्या शिक्षकाला ही शांतता फार जड जाते, पण खरं उत्तर बहुधा तिच्यानंतरच येतं.

शेवटी फळ्यावर तात्पर्य लिहू नका. प्रत्येकाला वहीत दोन ओळी लिहू द्या: माझं मत बदललं का, कशामुळे? त्या ओळींना गुण देऊ नका.