सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी फ्लॉवर नको

कँटीन नवीन आहे, तर भाज्यांची नावं छापलेला तक्ता भिंतीवर लावू नकोस. तक्त्यात प्रकार लिही: एक दिवस पालेभाजी, एक दिवस फळभाजी, एक दिवस उसळ, एक दिवस रस्सा. नाव मंडईत भाव बघून ठरव.

आठवड्याला सहा दिवस चालवत असशील, तर भाज्यांचा फेरा सातचा ठेव. मग सोमवारची भाजी पुढच्या आठवड्यात मंगळवारी येते. रोज जेवणाऱ्याला "आज सोमवार, म्हणजे दुधी" हे पाठ झालं, की तो डबा आणायला लागतो.

भाव किलोचा बघू नकोस, निवडल्यानंतरचा बघ. मटार चाळीस रुपये किलो मिळाला आणि किलोतून साधारण अर्धा किलो दाणे निघाले, तर दाणे ऐंशीला पडले. शंभर माणसांना माणशी शंभर ग्रॅम धरलं तर दहा किलो दाणे, म्हणजे वीस किलो शेंगा, शिवाय सोलणाऱ्याची मजुरी. म्हणून थंडीतही मी नुसता मटार करत नाही. बटाटा किंवा फ्लॉवरमध्ये घालतो. पानात हिरवं दिसतं, लोक खूश असतात.

पावसाळ्यात मेथी महाग, चिखलाची आणि सडकी निघते. जुडी सोडून बघ, आतली पानं काळी असली तर घेऊच नकोस. त्या दिवशी मटकी भिजवलेली हवी, म्हणून मोड आलेलं कडधान्य मी पावसाळाभर तयार ठेवतो.

आणि उरलेली भाजी रोज तोलून वहीत लिही. दोडका परत येतो की भोपळा, ते त्यातच कळतं.