बाथरूममधील सॉकेट, हेअर ड्रायर आणि आरसीसीबी

प्रश्न: आमच्या बाथरूममध्ये बेसिनशेजारी एक साधे सॉकेट आहे आणि शॉवर तिथून साधारण एक मीटरवर आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे, तेव्हा तिथे हेअर ड्रायर, शेव्हर आणि इलेक्ट्रिक टूथब्रशचा चार्जर वापरायला हरकत नाही ना?

शेव्हर आणि चार्जर यांची सोय सहज करता येईल. हेअर ड्रायर मात्र, आरसीसीबी असला तरी, तिथे वापरू नये असे माझे मत आहे. आरसीसीबी नेमके काय पाहतो हे लक्षात घेतले की त्याचे कारण कळेल.

फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच तो तपासतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला, तर तो पुरवठा तोडतो. समजा, ओल्या अंगाच्या माणसाचा हात फेजला लागला. पुरवठा २३० व्होल्टचा आणि शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर त्याच्या अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर वाहतील. आरसीसीबी हा प्रवाह कमी करत नाही, तो केवळ त्याचा कालावधी छाटतो. इतक्या गळतीला त्याने ०.०४ सेकंदाच्या आत बंद पडणे अपेक्षित असते. झटका बसतोच, पण हृदयाची लय बिघडण्याची शक्यता पुष्कळ घटते.

आता चालू ड्रायर पाण्याने भरलेल्या बेसिनमध्ये पडला असे समजा. ड्रायरला बहुधा दोनच पिना असतात, त्याला अर्थिंग नसते. बेसिन चिनी मातीचे आणि सांडपाण्याचा पाइप प्लास्टिकचा असेल, तर त्या पाण्याचा जमिनीशी जवळजवळ संबंधच नसतो. अशा वेळी प्रवाह पाण्यातून फेजकडून न्यूट्रलकडे जातो, गेला तितका परत येतो आणि आरसीसीबीला काहीच वावगे दिसत नाही. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच पडणारा एमसीबीही स्वस्थ राहतो, कारण १८०० वॅटचा ड्रायर एरवीच आठ अँपिअरच्या आसपास घेत असतो. घाईने ड्रायर उचलायला गेलेल्याचा एक हात पाण्यात आणि दुसरा धातूच्या नळावर असेल, तर आरसीसीबीला दिसणारी पहिली गळती त्याच्या शरीरातून झालेली असते. दोन्ही हात पाण्यातच असतील, तर ती दिसेलच असेही नाही. ड्रायरचे बटण बंद असल्याने धोका टळत नाही. प्लग लावलेला असेपर्यंत आतली एक तार जिवंत असू शकते. म्हणून तसे घडल्यास हात न घालता आधी घराचा मुख्य स्विच बंद करावा.

सॉकेटच्या जागेविषयी आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब सोपा आहे. शॉवरखाली ट्रे किंवा टब नसेल, तर पाण्याच्या स्थिर तोटीपासून १.२ मीटरच्या आत, २.२५ मीटर उंचीपर्यंत, सॉकेट असू नये. ट्रे किंवा टब असेल तर त्याच्या कडेपासून ६० सेंटीमीटर मोजावेत, आणि त्या पट्ट्यातही केवळ शेव्हरसाठीचे खास सॉकेट चालते. काही देशांत साध्या सॉकेटसाठी याहून बरेच जास्त अंतर सांगितलेले आहे. तुमचा शॉवर ट्रेशिवाय असेल, तर एक मीटरवरचे सॉकेट या मोजमापात बसत नाही आणि ते इलेक्ट्रिशियनकडून हलवून घ्यावे लागेल.

हलवलेल्या जागी साध्या सॉकेटऐवजी शेव्हर सॉकेट बसवणे हा चांगला पर्याय आहे. त्यात विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूचा जमिनीशी संबंध नसल्यामुळे एकाच तारेला हात लागला तर मंडल पूर्ण होत नाही. दोन्ही तारांना एकदम हात लागला तर मात्र झटका बसतो, आणि ती गळती मागचा आरसीसीबी पाहू शकत नाही. या ट्रान्सफॉर्मरची क्षमता २० ते ५० व्होल्ट-अँपिअर एवढीच असते. शेव्हर आणि एक-दोन वॅट घेणारा टूथब्रशचा चार्जर त्यावर आरामात चालतात. ड्रायर चालत नाही, आणि हीच त्याची जमेची बाजू आहे असे मी मानतो. चार्जरमध्ये वीज चुंबकीय क्षेत्रामार्फत ब्रशला मिळते, त्यामुळे त्यावर उघडे धातूचे टोक नसते. तरीही त्याची वायर पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टची असल्याने तिला चीर पडली की चार्जर टाकून द्यावा आणि तो नळापासून दूर ठेवावा. ड्रायर कोरड्या खोलीत, आरशासमोर वापरावा.

एक गोष्ट आजच पाहून घ्या. एका नातेवाइकांनी मला त्यांचा ‘आरसीसीबी’ मोठ्या खात्रीने दाखवला होता, तो साधा एमसीबी निघाला. खऱ्या आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते आणि लेबलवर ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलिअँपिअर असा आकडा असतो. १०० किंवा ३०० असेल तर तो माणसाला वाचवण्यासाठी पुरेसा नाही. बटण दाबल्यावर तो खाली पडला नाही, तर तो बदलेपर्यंत ते सॉकेट बंदच ठेवावे. मात्र बटणाने आतली यंत्रणा तेवढी तपासली जाते, घराचे अर्थिंग नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन यावे लागते.