भाड्याचे ड्रिल की स्वतःचे? आधी भिंत बघा

प्रश्न : ऐरोलीत राहतो. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी नव्या टॉवरमध्ये पडद्याचे रॉड, टीव्हीचे स्टँड, शेल्फ बसवून देतो. ड्रिल महिन्यातून चार दिवस भाड्याने आणतो, दिवसाला ₹३००. शिल्लक ₹४०,००० आहे. ६०० वॉटचे इम्पॅक्ट ड्रिल, सोबत ११० वस्तूंचा किट, ₹४,८०० ला हप्त्यावर मिळतेय. ८०० वॉटचा रोटरी हॅमर ₹९,५०० ला आहे. स्वस्तातले घेऊन सुरुवात करू का?

उत्तर : नको. रोटरी हॅमर घ्या, आणि रोखीने घ्या.

नुसता भाड्याचा हिशेब केला तर महिन्याचे ₹१,२०० वाचतात, म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल चार महिन्यांत फिटते आणि हॅमरला आठ लागतात. पण ते ड्रिल तुमच्या कामात चार महिने टिकेल का, हे कागदावर दिसत नाही. ऐरोली-घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवानचे काम असते. तिथे विटेची भिंत नसते, सगळे काँक्रीट ओतलेले असते.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये चकच्या मागे दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, त्यातून बारीक ठोके बसतात. ठोक्याचा जोर तुमच्या हाताच्या दाबावर अवलंबून असतो. विटेत ते सुरेख चालते. काँक्रीटमध्ये एखादे भोक पडते, दहाव्याला मोटर तापते. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने स्वतःच बिटवर ठोका मारतो, तुम्ही फक्त धरायचे. म्हणून खोक्यावरचे आकडे नीट वाचा. वॉट म्हणजे मोटर किती वीज घेते ते, ठोक्याची ताकद नव्हे. ती ज्यूलमध्ये लिहितात. दोन किलोच्या आसपासच्या हॅमरला साधारण अडीच ज्यूलच्या पुढे असेल तर तुमच्या कामाला पुरते. इम्पॅक्ट ड्रिलवर मिनिटाला ३,००० फेरे आणि हॅमरवर ९०० दिसले तर फसू नका. ते मोकळे फिरतानाचे फेरे आहेत, आणि काँक्रीट फेऱ्यांनी नाही, ठोक्यांनी फुटते.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. ठाण्यात नव्या घरात शिरल्यावर पडद्यांसाठी असेच ड्रिल घेतले. तिसऱ्या भोकाला ६ मिलिमीटरच्या बिटचे टोक निळे पडले, भोक जेमतेम नखाएवढे खोल. मी अंगाचा भार टाकला. जळका वास आला, पाठीमागच्या झरोक्यातून धूर निघाला आणि मोटरचा फिरणारा भाग, आर्मेचर, गेले. सर्व्हिस सेंटरने ‘ओव्हरलोड’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली.

म्हणून वॉरंटी कार्डावर दोन गोष्टी शोधा: ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे लिहिले आहे का, आणि काय काय वगळले आहे. तुम्ही पैसे घेऊन काम करता, त्यामुळे घरगुती अट असली तर ती वॉरंटी तुमच्या उपयोगाची नाही. व्यावसायिक वापराला चालणारी, एक वर्षाची वॉरंटी असलेला हॅमर बघा आणि बिल तुमच्या नावाचे घ्या. कार्बन ब्रश, चक, वायर बहुधा वॉरंटीत नसतात. झरोक्यातून ठिणग्या वाढल्या, वेग उतरला की दोन्ही ब्रश एकदम बदला. त्यासाठी महिन्याला ₹१०० बाजूला टाका.

किटमधल्या ११० वस्तूही दुकानात उघडून मोजा. स्क्रू आणि प्लगच निम्म्याहून जास्त भरतील. तुम्हाला लागतात ६, ८ आणि १० मिलिमीटरचे हॅमरच्या चकमध्ये बसणारे चांगले एसडीएस प्लस बिट, लेव्हल, गॉगल, धुळीचा मास्क. हे सगळे धरून खर्च ₹११,००० समजा. शिल्लकेतून काढा आणि भाड्याचे वाचलेले ₹१,२०० दर महिन्याला तिथेच परत टाका. सव्वानऊ महिन्यांत रक्कम भरून निघेल, तेही वॉरंटी संपायच्या आत. हप्ता ‘बिनव्याजी’ म्हणत असले तरी प्रोसेसिंग फी आणि जीएसटी विचाराच. अनेक सोसायट्या रविवारी ड्रिल करू देत नाहीत, तुमची सुट्टी रविवारची असेल तर चार दिवस खरोखर मिळतात का तेही तपासा. दोनच दिवस मिळत असतील तर अजून भाड्यानेच आणा.

हॅमरवर काँक्रीटसाठी २६ मिलिमीटर लिहिलेले असेल, पण ती शेवटची मर्यादा आहे. रोजचे काम १६ च्या आत ठेवा. एसीच्या पाइपचे मोठे भोक पाडायचे काम घेऊ नका, त्याला कोअर कटर लागतो. बिट अचानक पुढे जायचे थांबले आणि आवाज धातूचा आला, तर सळई लागली आहे. जोर लावला तर बिटचे कार्बाइड टोक तुटते, भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, बाजूचे हँडल लावल्याशिवाय सुरुवात नको. टाइलवर हॅमरचा ठोका बंद करून फक्त फिरवा. यंत्र तापले तर लगेच बंद करू नका, मिनिटभर मोकळे फिरू द्या, आतला पंखा ते थंड करतो.