चांगल्या माणसालाच दुःख का, हे प्रवचनात कसं सांगू?

"मावशी, आमच्या सोसायटीत चातुर्मासात दर गुरुवारी संध्याकाळी प्रवचन असतं. नेहमीचे बुवा आजारी आहेत म्हणून यावेळी माझ्यावर ढकललंय, विषय पण त्यांनीच देऊन ठेवलाय, चांगल्या माणसांच्या वाट्याला दुःख का. मी शाळेत मराठी शिकवते, बोलायची भीती नाही. पण लोक प्रश्न विचारतात, आणि आमच्याच विंगमधल्या काकूंचा तरणाताठा मुलगा मागच्या वर्षी गेला, त्या पुढच्याच रांगेत बसतात. त्यांनी विचारलं तर? – एक शिक्षिका, जुळे सोलापूर"

अगं, गुरुवारच्या आधी एकदा काकूंच्या घरी जाऊन ये. सरळ सांग की काकू, विषय असा असा आहे, नाही आलात तरी चालेल, आलात तर तुमच्या मुलाचा विषय मी काढणार नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. हे फोनवर नको, समोर बसून सांग.

आता प्रवचन. तासाभराचं धर, पण तू वीस-पंचवीस मिनिटंच बोल, बाकीचा वेळ प्रश्नांना लागणारच आहे. आणि सुरुवात कर्मसिद्धांतानं करू नको बाई, संचित-प्रारब्ध म्हटलं की माना डोलायला लागतात आणि डोलणारी मान काही ऐकत नसते. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला ने सगळ्यांना.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत सगळ्यांना पाठ आहेत, पंधराव्या शतकातला दुष्काळ, बादशाहाची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि शिक्षा व्हायची वेळ आली तेव्हा विठोबा विठू महार होऊन बीदरला गेला नि सगळे पैसे भरून पावती घेऊन आला. ही गोष्ट सांगताना लोक खूष असतात. लगेच त्याच मंगळवेढ्यातली दुसरी सांग. चोखोबा, परंपरेनं १३३८ साल सांगतात, गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही दबून गेले. नामदेव महाराज अस्थी शोधायला आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली. तोच विठोबा, तेच गाव, दोघेही भक्त, एकासाठी देव बीदरपर्यंत धावला आणि दुसऱ्यासाठी साधी भिंत धरली नाही. इथे जरा थांब, लगेच समजावायला जाऊ नको, तुझा विषय बुवांच्या कागदावरून उतरून लोकांच्या डोक्यात शिरायला एवढा वेळ लागतोच.

मग सिद्धांत. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं या जन्मात भोगायला काढलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते, इतकं पुरे. पण लोकांना हे सांग की हा प्रश्न विचारणं म्हणजे नास्तिकपणा नाही, ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावर हेच दोन आरोप घेतलेत, तो पक्षपाती आहे आणि निर्दय आहे. शंकराचार्य त्यावर पावसाचं उदाहरण देतात, पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, पण भाताच्या बीजातून भात येतो आणि जवाच्या बीजातून जव, तसा देव सगळ्यांना सारखा, फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे.

उदाहरण चांगलंय पण चावतं कुठे तेही तूच सांग, नाहीतर मागच्या रांगेतला एखादा इंजिनियर सांगेलच. शेतकऱ्याला आपण काय पेरलं ते माहीत असतं, आपल्याला मागचं काहीच आठवत नाही. आणि मग सगळ्यात पहिलं कर्म कुठून आलं? याला पुढच्याच सूत्रात उत्तर आहे की संसार अनादि आहे, म्हणजे पहिलं असं काही नाहीच. पटलं तर ठीक, पण काही जणांना यात प्रश्न फक्त मागे ढकलल्यासारखा वाटेल आणि तसं वाटणं चूक नाही, तसं बोलून टाक.

आता खरी गोम. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात ते स्वतःबद्दल म्हणतात की पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म आला. आणि त्यांचाच मुलगा कर्ममेळा, त्याला हे मान्य नाही, तो थेट देवालाच विचारतो की आम्हाला हीन जात दिलीस, तुला कळत कसं नाही. बापानं दुःख स्वतःच्या खात्यावर घेतलं, मुलानं घेतलं नाही, आणि वारकऱ्यांनी दोघांचेही अभंग जपून ठेवले. माझं मत विचारशील तर सगळ्या प्रवचनाचा गाभा हाच, प्रारब्ध हा शब्द माणसानं स्वतःच्या दुःखाबद्दल वापरावा, दुसऱ्याच्या दुःखावर निकाल म्हणून नाही. कारण चोखोबांचं प्रारब्ध म्हटलं की भिंत कच्ची कुणी बांधली, तिच्याखाली कुणाला राबवलं, हे प्रश्न आपोआप गायब होतात. आजही कारखान्यात कामगार गेला की हेच होतं.

यावर हमखास येणारा प्रश्न, मग भोग असतील तर मदत कशाला करायची? दामाजींनी भुकेल्यांना तुमचं प्रारब्ध म्हणून परत पाठवलं नाही, कोठार उघडलं, ते त्यांचं क्रियमाण. चोखोबा देवळाबाहेर राहिले, पण साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं आणि दलितांना मंदिर उघडलं गेलं. हे सांगितल्यावर एखाददुसरा चेहरा आखडेल, आखडू दे.

दुसरा प्रश्न, खाणारे मजेत कसे? पुढच्या जन्मी भोगतील म्हणालीस तर हशा पिकेल. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन आहे असं म्हटलंय, म्हणजे शेजाऱ्याचा बंगला बघून त्याचं पाप-पुण्य आपल्याला वाचता येत नाही, तेवढंच सांग आणि पुढे जा.

आणि एक ओळखून ठेव. "समजा एखाद्याचं असं झालं तर" अशी सुरुवात करून कुणी बोलताना आवाज बदलला, तर तो एखादा म्हणजे ते स्वतःच असतात. त्यांना ब्रह्मसूत्र नको, आधी "कधी झालं हो हे?" एवढं विचार.

काकूंनी विचारलंच, माझ्या पोराचं काय पाप होतं, तर "मला माहीत नाही काकू" म्हण. देवाला आवडला, सुटला बिचारा, तुमचं देणंघेणं तेवढंच होतं, यातलं एकही वाक्य तोंडातून काढू नको. त्या देवावर चिडून बोलल्या तर बोलू दे, कर्ममेळ्याचा अभंग याच परंपरेत आहे, एवढं आठवण करून दे. धोका खरं तर त्यांच्याकडून नाहीच, शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी प्रेमानंच "नशिबाचे भोग हो" म्हणणार, तिथे तू हसून पण ठामपणे मध्ये पड, काकूंच्या वतीनं आपण उत्तर द्यायचं नाही म्हणून सांग, आणि दुसऱ्या कुणाचा हात वर असेल तर तिकडे वळ.

शेवटची दहा मिनिटं उरली की नवा प्रश्न घेऊ नको, हरिपाठ सुरू कर. उरलेले प्रश्न कागदावर लिहून घे आणि बुवा बरे झाले की त्यांच्या हातात दे, विषय त्यांनीच दिलाय ना.