सासऱ्यांच्या नावावरचं घर, पोटगी आणि डीव्हीचा अर्ज

प्रश्न: "घर सासऱ्यांच्या नावावर आहे. नवऱ्यावर पोलिस केस न करता मला त्याच घरात राहता येईल का आणि मुलीच्या खर्चाचे पैसे मिळतील का? त्याला तुरुंगात पाठवायचं नाहीये."

दोन्ही मिळू शकतं, आणि पोलिस ठाण्याची पायरीही चढावी लागत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, म्हणजे सगळे ज्याला 'डीव्ही' म्हणतात त्यात, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 चा अर्ज करायचा. कोर्ट फौजदारी असतं म्हणून बायका घाबरतात. पण नवऱ्याला जाते ती नोटीस. त्याला अटक होत नाही, जामीन घ्यावा लागत नाही. तो तिथे आरोपी नसतो, सामनेवाला असतो.

हे इतकं ठासून सांगतेय कारण याच प्रश्नावरून माझ्या दादाशी माझं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आमचं घर सासऱ्यांच्या नावावर. खाली सासू-सासरे, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. लग्नापासून मी तिथेच. मारहाण रोजची नव्हती, पण घरखर्चाला पैसे न देणं, मला पगार नाही म्हणून हिशोब मागणं आणि हात उचलणं हे चालू होतं. एकदा माहेरी चार दिवस जाऊन आले तर जिन्याच्या दाराला नवीन कुलूप. सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "घर आमचं आहे, तुझ्या नवऱ्याचंसुद्धा नाही. तू कुठल्या तोंडाने आत येणार?" मुलीचं दप्तर आत, माझं शिलाई मशीन आत.

दादाचं एकच पालुपद, सासरच्या छळाचा फौजदारी गुन्हा नोंदव, "आधी 498 टाक. दोन रात्री आत बसले की घर पण देतील आणि पैसे पण." वकीलही त्यानेच गाठून दिला. त्याने कागद न बघता सांगितलं, की घर सासऱ्याचं असेल तर सुनेला त्यात हक्क नाही, तेव्हा गुन्हा दाखल करा आणि तडजोडीला बसवा. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. 2006 च्या बत्रा निकालात सुप्रीम कोर्टाने तसंच धरलं होतं, की नवऱ्याचा मालकी हिस्सा नसेल तर ते सामाईक घर नाही. पण ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला, आणि मी वकिलाकडे गेले 2021 मध्ये! आता नियम असा, की नवऱ्याबरोबर घरगुती नात्याने तुम्ही जिथे राहिलात ते घर सामाईक, मग ते सासऱ्याच्या नावावर असो किंवा भाड्याचं. फक्त ते राहणं काहीसं कायमचं हवं. दिवाळीला जाऊन राहिलेलं चुलत दिराचं घर त्यात येत नाही.

मी तालुका विधी सेवा समितीकडे गेले. बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. त्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तू तिथे राहत होतीस हे दाखवणारं काय आहे?" रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, आधारवरचा पत्ता, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. सातबारा किंवा घराचा उतारा कुणी मागितला नाही, कारण मालकी हा मुद्दाच नव्हता. या कायद्याखाली सरकार नेमतं त्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन घटना अहवालही भरला. तो नसला तरी अर्ज चालतो, पण असला तर न्यायाधीशांना पहिल्याच दिवशी चित्र दिसतं.

आता खरी मेख. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. ते कागदावर. मूळ अर्ज वर्षानुवर्षं चालतो. म्हणून त्याच्यासोबत कलम 23 चा अंतरिम अर्ज, शपथपत्रासह, त्याच दिवशी लावून घ्या. कित्येक जणी फक्त मूळ अर्ज टाकून तारखा मोजत बसतात आणि मग म्हणतात कायद्यात काही दम नाही. घराबाहेर काढलेलं असेल किंवा घर विकायची तयारी चालू असेल, तर समोरच्याला ऐकून घेण्याआधीही एकतर्फी अंतरिम आदेश मिळू शकतो.

मागणी लिहिताना मोघम लिहू नका. आमच्या वकीलबाईंनी लिहिलं: वरच्या दोन खोल्या, जिना, मोरी, संडास, नळाचं पाणी आणि वीज यांचा वापर अडवू नये, आणि घर विकू किंवा गहाण टाकू नये. मला तेव्हा हसू आलं, नळ कशाला लिहायचा? आदेश घेऊन मी संरक्षण अधिकाऱ्यांबरोबर आत गेले आणि आठवड्यात वरचं पाणी बंद झालं. खालचा कॉक सासऱ्यांच्या हातात. आदेशात पाणी लिहिलेलं होतं म्हणून अधिकाऱ्यांनी फोन केला आणि त्याच संध्याकाळी कॉक उघडला. नुसतं 'राहू द्यावे' असं असतं तर कॉकसाठी पुन्हा तारीख घ्यावी लागली असती.

तुम्हाला त्या घरात पाय ठेवायची इच्छा नसेल तर तसं सांगा. घरात राहण्याचा आदेश ज्या कलम 19 खाली मिळतो, त्याच कलमाखाली नवऱ्याने तशाच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा भाडं भरावं, असा आदेश होतो. नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगता येतं, सासूला नाही. बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश या कलमात देता येत नाही. मात्र सासूला सामनेवाली करता येतं, 2016 पासून त्यात शंका उरलेली नाही. दागिने अडकले असतील तर स्त्रीधन परत मिळण्याची मागणीही इथेच घाला, लग्नाचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या लावून.

पैशांचं कलम 20. पोटगी, औषधपाणी, मोडतोड झालेल्या वस्तूंची भरपाई, बुडालेली कमाई, सगळं त्यात मागता येतं. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते. माझ्या नवऱ्याने हातात 19,000 येतात असं लिहिलं. पगारपत्रक मागवलं तर मूळ पगार 38,000 च्या वर, आणि कपातीत सोसायटीचं कर्ज, तेही मी बाहेर पडल्यानंतर घेतलेलं, शिवाय वाढवून घेतलेला भविष्य निर्वाह निधी. आयकर, सक्तीची कपात हे कोर्ट वजा धरतं. आपखुशीने कापून घेतलेले हप्ते दाखवून पोटगी कमी होत नाही. मी माझी शिलाईची कमाई, महिना चार हजाराच्या आसपास, स्वतःच लिहून टाकली होती. त्याच्या वकिलाने "ही कमावती आहे" म्हणून फॉल-पिकोच्या पाटीचा फोटो काढला, आणि तो वाया गेला.

अंतरिम आदेश झाला मला 5,000 आणि मुलीला 4,000. कमी वाटले, आहेतच. पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, आदेशाच्या नाही. आदेश यायला आठ महिने गेले, म्हणजे 72,000 थकबाकी पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावर. म्हणूनच म्हणते, अर्ज लांबवू नका, एक महिना लांबला की त्या महिन्याचे पैसे गेले.

त्याने दोन महिने दिले आणि बंद केले. इथे दादा पुन्हा, "बघ, धाक नाही ना." धाक आहे, पण तो नीट समजून घ्या. संरक्षण आदेश, म्हणजे मारू नये, कामाच्या जागी जाऊन त्रास देऊ नये, हा मोडला की तो कलम 31 चा गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पोलिस थेट अटक करू शकतात. पैसे न दिले की तसंच आपोआप होतं असं धरू नका, त्यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. पैशांसाठी वसुलीचा अर्ज टाकायचा आणि नोकरदार असेल तर कलम 20(6) खाली मालकाला थेट पगारातून देण्याचा आदेश मागायचा. आमच्याकडे कंपनीच्या पत्त्यावर आदेश गेला आणि तेव्हापासून रक्कम माझ्या खात्यात येते. नवरा धंदेवाईक असेल तर हे अवघड जातं, तेव्हा बँक खातं आणि गाळ्याचं भाडं कुठून येतं ते आधी शोधून ठेवा.

आता दादासाठी, तो वाचणार हे मला माहीत आहे. 498, हल्ली भारतीय न्याय संहितेचं कलम 85, शिक्षा देतं. त्यात न्यायाधीश 'हिला खोलीत घे' किंवा 'महिन्याला इतके दे' असा आदेश देत नाहीत. आणि गुन्हा एकदा दाखल झाला की खटला सरकारचा. उद्या तुमचं समेट झालं तरी तो बंद करायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. डीव्हीचा अर्ज मात्र माझा मी मागे घेऊ शकते.

तरी काही गोष्टी राहिल्या. जीवाला धोका असेल, हाड मोडलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी 112 वर फोन करा. एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही, दोन्ही चालू शकतात. राहण्याचा हक्क म्हणजे हिस्सा नाही. माझ्या सासऱ्यांनी दिवाणी दावा लावलाय. तो कायद्याने चालवून ते उद्या मला काढूही शकतात, फक्त कुलूप बदलून नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुनेला काढायचा प्रकारही होतो. नोटीस आली तर गप्प न बसता डीव्हीच्या आदेशाची प्रत तिथे लावा, कारण त्या आदेशाकडे डोळेझाक करून बाहेर काढता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलंय.

अर्ज तुम्ही सध्या जिथे राहताय तिथल्या कोर्टातही चालतो, माहेरचं गाव असलं तरी. कोर्ट फी नाही. संरक्षण अधिकारी बहुधा महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात बसतात. जाताना कागदांच्या दोन झेरॉक्स न्या आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नका.